अठ्ठावीस सेकंदांचं गाणं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." मी खूप विचार केला नाही. गेल्या वर्षभरात आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप गटावरून मला खासगीत आलेले प्रश्न मोजले, तर निम्मे एकाच गोष्टीचे निघाले : रीलला गाणं कुठलं लावलं तर चालतं? आपल्यापैकी कोणाचं साडीचं दुकान आहे, कोणाचा क्लास आहे, कोणी कोकणात घरगुती मुक्कामाची सोय चालवतं, कोणी मसाले विकतं. जाहिरातीसाठी पेपरात जागा घेण्याचे दिवस गेले. आता अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करायचा, त्याला गाणं लावायचं आणि चार पैसे भरून तो जास्त लोकांना दाखवायचा. तेव्हा आज त्या गाण्याविषयी बोलते.

आधीच सांगते, मी वकील नाही. मी सॉफ्टवेअर करते आणि त्यातली काही वर्षं आवाज ओळखणाऱ्या प्रणालींवर काम केलं आहे. कायद्याचा जो भाग सांगेन तो आपल्याच तुकडीतल्या वकील मित्राकडून तपासून घेतला आहे. तो मागच्या रांगेत बसला आहे, दहावीला बसायचा तिथेच.

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची हकिगत सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव तेवढं सांगू नको म्हणाली. ती दिवाळीचा फराळ करून विकते. दोन बायका हाताखाली, घराच्या मागच्या खोलीत भट्टी आणि दिवाळीआधीच्या महिन्यात वर्षाची कमाई. तिच्या भाच्याने अठ्ठावीस सेकंदांची रील केली : चकल्या तेलात सुटताहेत, लाडू वळले जाताहेत, शेवटी डबा आणि फोन नंबर. फार छान केली होती, मी स्वतः पाहिली आहे. त्याला त्याने एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातलं गाणं लावलं.

आता त्याने काय काय केलं ते नीट ऐका, कारण सगळी गंमत तिथेच आहे. मैत्रिणीचं इन्स्टाग्राम खातं 'बिझनेस' प्रकारचं होतं. त्या खात्यात गाणं शोधायला गेला तर ते गाणं यादीत दिसेचना. दिसत होतं ते बिननावाचं, कुठल्याही दुकानात वाजतं तसलं संगीत. भाच्याच्या मित्राने युक्ती सांगितली, की खात्याचा प्रकार बदलून 'क्रिएटर' कर, मग सगळी गाणी दिसतात. त्याने तसं केलं. गाणी दिसली, रील लागली. मग पैसे भरून ती बूस्ट करायला गेला, तर नकार आला : या रीलमध्ये दुसऱ्याचं संगीत आहे, ही बूस्ट करता येणार नाही. तेव्हा त्याने ते गाणं एका एडिटिंग अॅपमध्ये व्हिडिओच्या आतच मिसळून टाकलं आणि नवा व्हिडिओ चढवला. आता इन्स्टाग्रामच्या लेखी तो 'मूळ आवाज' झाला. बूस्ट मंजूर झालं. तोच व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्सवर गेला आणि व्हॉट्सअॅपवर गावभर फिरला.

त्या मुलाला दोन वेळा दार बंद दिसलं आणि दोन्ही वेळा त्याला वाटलं की अॅपमध्येच काहीतरी बिघाड आहे. प्रत्यक्षात दोन्ही वेळा अॅप त्याला बरोबर तेच सांगत होतं जे नंतर नोटिशीत लिहून आलं.

तर मुळात एक गाणं म्हणजे काय, ते पाहू. आपण गाणं म्हणतो तेव्हा एकच वस्तू डोळ्यांसमोर येते. कायद्याच्या लेखी त्यात निदान तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द ही एक, चाल ही दुसरी आणि त्या शब्दांचं त्या चालीत, त्या गायकाच्या आवाजात, त्या वाद्यमेळात झालेलं ध्वनिमुद्रण ही तिसरी. एकाच जमिनीच्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असावीत तसं समजा. तिघांचे हिस्से वेगळे, आणि एकाने हो म्हटलं म्हणून बाकीच्या दोघांची सही झाली असं होत नाही.

गाणं चित्राबरोबर जोडून वापरायचं असेल तर दोन परवानग्या लागतात. शब्द आणि चाल यांच्यासाठी जी लागते तिला या धंद्यात 'सिंक' म्हणतात, म्हणजे चित्राशी जुळवण्याची परवानगी. ध्वनिमुद्रणासाठी जी लागते ती 'मास्टर'ची. हिंदी चित्रपटाच्या गाण्यात बहुतेक वेळा हे सगळे हक्क निर्मात्याकडून एकाच संगीत कंपनीकडे गेलेले असतात, म्हणून एकाच दारी जावं लागतं. जुन्या मराठी भावगीताचं तसं नसतं. तिथे कवीचे वारस एकीकडे, संगीतकाराचे दुसरीकडे आणि रेकॉर्ड कंपनी तिसरीकडे असू शकते. चित्रपटातला संवाद किंवा दृश्याचा तुकडा उचललात तर त्यात निर्मात्याचा हक्क येतो आणि नटाचा चेहरा तुमच्या मालाशी जोडल्याचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. ते आज बाजूला ठेवते.

इथे कोणीतरी हमखास विचारतं, "आम्ही हॉलसाठी लायसन्स घेतो की!" बरोबर आहे. आपल्याकडे आय.पी.आर.एस. ही संस्था शब्द आणि चालीच्या बाजूने, आणि पी.पी.एल. ही ध्वनिमुद्रणाच्या बाजूने, गाणी जाहीरपणे वाजवण्याचं लायसन्स देते. हॉटेलात, दुकानात, कार्यक्रमात गाणी वाजवायची तर ते लागतं. पण ते वाजवण्याचं लायसन्स आहे. दुकानात स्पीकरवर गाणं लावणं वेगळं आणि तेच गाणं दुकानाच्या जाहिरातीत चिकटवणं वेगळं. पहिल्याची पावती दाखवून दुसरं करता येत नाही.

मग इन्स्टाग्राममध्ये ती गाणी असतात कशी? तर मेटाने, यूट्यूबने संगीत कंपन्यांशी करार केलेले आहेत. त्या करारांचा गाभा असा, की सामान्य माणसाने आपल्या घरच्या, हौसेच्या व्हिडिओला गाणं लावावं. तुमच्या नातवाचा पहिला वाढदिवस, तुमची सहल, तुमच्या मुलीचा नाच. मेटाच्या संगीतविषयक नियमांत स्वच्छ लिहिलं आहे, की व्यापारी किंवा अ-वैयक्तिक कारणासाठी संगीत वापरायला मनाई आहे, तुमच्याकडे स्वतंत्र परवानगी असेल तरच वापरा. बिझनेस खात्यात गाणी दिसत नाहीत ती याचसाठी. खात्याचा प्रकार बदलल्याने पडद्यावर दिसणारी यादी बदलते, वापराचं स्वरूप बदलत नाही. चकलीचा भाव आणि फोन नंबर असलेला व्हिडिओ हा जाहिरातच असतो, तो कुठल्याही प्रकारच्या खात्यावरून गेला तरी.

बूस्ट केलं तर प्रश्नच मिटला, तिथे उघड पैसे भरलेले असतात. पण पैसे न भरतासुद्धा जाहिरात असू शकते. एखाद्या रील करणाऱ्या मुलीला तुम्ही फराळाचा डबा आणि दोन हजार रुपये दिलेत आणि तिने स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या आवडीचं गाणं लावून तुमच्या चिवड्याची स्तुती केली, तर ती तुमची जाहिरात आहे. तोच व्हिडिओ तुम्ही आपल्या पानावर घेतलात तर आणखीच.

हे केवळ आपल्या गावातल्या भाच्यांना कळत नाही असं नाही. अमेरिकेत बँग नावाचं पेय बनवणाऱ्या कंपनीने टिकटॉकवरच्या आपल्या जाहिरातींना गाजलेली गाणी लावली. गाणी अॅपमध्येच होती, मग आमचा काय दोष, असं म्हणणं मांडलं. फ्लोरिडातल्या न्यायालयाने 2022 साली ते मान्य केलं नाही आणि कंपनीच्या स्वतःच्या व्हिडिओंसाठी तिला जबाबदार धरलं. 2024 च्या मे महिन्यात सोनी म्युझिकने मॅरियट या हॉटेल कंपनीवर दावा लावला. त्यात समाजमाध्यमांवरच्या 931 वापरांची यादी होती, आणि त्यात हॉटेलांनी स्वतः केलेल्या व्हिडिओंबरोबर इन्फ्लुएन्सरांचे व्हिडिओही धरले होते. त्याच वर्षी ते प्रकरण आपसात मिटलं. ज्यांच्याकडे वकिलांची फौज असते त्यांच्या जाहिरात विभागातही तीच समजूत होती जी आपल्या भाच्याची होती.

आता माझ्या विषयाचा भाग. मैत्रीण मला म्हणाली, "अगं, पण त्यांना कळलं कसं? माझे हजारभर तर फॉलोअर." कोणी माणूस बसून ऐकत नाही. यंत्र ऐकतं, आणि कसं ऐकतं ते सांगते.

गाण्याचा आवाज घेऊन त्याचा एक नकाशा काढतात. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर स्वराची उंची, आणि जिथे आवाज जोरकस आहे तिथे ठिपका. म्हणजे आकाशात तारे असतात तसे त्या नकाशावर ठिपके पडतात. बारीकसारीक आवाज सोडून द्यायचा, फक्त ठळक तारे ठेवायचे. मग दोन-दोन ताऱ्यांच्या जोड्या लावायच्या : हा स्वर, तो स्वर आणि दोघांमधलं अंतर. प्रत्येक जोडीचा एक छोटा आकडा होतो. एका गाण्याचे असे हजारो आकडे एका मोठ्या कोठारात गाण्याच्या नावासह ठेवलेले असतात. तुम्ही व्हिडिओ चढवलात की त्याचेही आकडे काढले जातात आणि कोठारात शोधले जातात. एकाच गाण्याचे बरेच आकडे एकाच क्रमाने जुळले, की ओळख पटली. शझाम हे गाणं ओळखणारं अॅप या तत्त्वावर चालतं, त्याची पद्धत 2003 साली प्रसिद्ध झाली होती. यूट्यूबची 'कंटेंट आयडी' 2007 पासून आहे. तिच्या आतली रचना वेगळी असली तरी ठसा काढून कोठारात शोधायचा ही कल्पना तीच.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. वर माणूस बोलत असला, भांड्यांचा आवाज असला तरी फरक पडत नाही, कारण ठळक तारे त्यातूनही दिसतात. आणि ओळख पटायला पूर्ण गाणं लागत नाही, काही सेकंद पुरतात. गाण्याचा वेग थोडा वाढवा, सूर थोडा वर न्या, अशा युक्त्या पोरं सांगतात. त्या एखाद्या दिवशी चालतात आणि दुसऱ्या दिवशी चालत नाहीत, कारण यंत्रं तेही शिकतात आणि जुने व्हिडिओ पुन्हा तपासतात. शिवाय अशी युक्ती केलेली असली, की पुढे "मला माहीत नव्हतं" हे वाक्य बोलायची सोय राहत नाही.

मैत्रिणीच्या यूट्यूब शॉर्टवर काही मिनिटांतच एक सूचना आली होती. भाच्याने ती वाचली आणि सोडून दिली, कारण व्हिडिओ चालूच होता. इथे एक फरक समजून घ्या. यूट्यूबवर 'क्लेम' आणि 'स्ट्राइक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम म्हणजे यंत्राने गाणं ओळखलं आणि मालकाने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे झालं : कुठे व्हिडिओ अडवला, कुठे त्यावरच्या जाहिरातीचं उत्पन्न मालकाकडे वळवलं, कुठे नुसती नोंद ठेवली. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला. नव्वद दिवसांत अशा तीन झाल्या की चॅनल बंद होऊ शकतं. लोकांना वाटतं, क्लेम आला पण व्हिडिओ चालू आहे, म्हणजे मालकाने परवानगी दिली. तसं नाही. क्लेम हा तुमच्या आणि यूट्यूबच्या घरातला हिशोब आहे. त्याने जाहिरातीत गाणं वापरायचा हक्क मिळत नाही, आणि मालकाला नोटीस पाठवण्यापासून तो अडवतही नाही. उलट त्याच्याकडे तारखेसह नोंद तयार असते.

तीन आठवड्यांनी इन्स्टाग्रामवरचा आवाज बंद झाला. चकल्या मुक्याने तळल्या जाऊ लागल्या. आणि दिवाळीनंतर नोटीस आली. तिच्यात व्हिडिओचा पत्ता होता, स्क्रीनशॉट होते, जाहिरात कधीपासून कधीपर्यंत चालली ते होतं आणि एक रक्कम होती. ती रक्कम तिच्या त्या हंगामातल्या नफ्याहून मोठी होती.

तिने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "पंधरा सेकंद तर चालतात ना सगळीकडे?" हा प्रश्न मला एवढ्या वेळा विचारला गेला आहे की मी त्याचं मूळ शोधायचा प्रयत्न केला, आणि आपल्या कायद्यात मला असा एकही आकडा सापडला नाही. दहा नाही, पंधरा नाही, तीस नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 52 व्या कलमात परवानगीशिवाय करता येणारे वापर दिलेले आहेत : खासगी वापर, अभ्यास, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, विद्यार्थ्यांसाठी काही, धार्मिक समारंभासाठी काही. त्यात माल विकायची जाहिरात नाही. 2012 साली दिल्ली उच्च न्यायालयाने इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्या खटल्यात असं म्हटलं खरं, की अगदी क्षुल्लक वापर सोडून द्यावा. तिथे प्रश्न होता 'कजरा रे' या गाण्यातल्या जेमतेम पाच शब्दांचा, आणि तेवढ्यासाठी अपिलापर्यंत जावं लागलं. आपल्या भाच्याने लावला होता तो गाण्याचा सर्वांत ओळखीचा भाग. लोकांनी ओळखावं म्हणूनच तर लावला होता.

"खाली गायकाचं नाव लिहिलं होतं की," हे तिचं दुसरं म्हणणं. श्रेय देणं चांगलंच. पण शेजारच्याच्या झाडाचे आंबे तोडून टोपलीवर त्याचं नाव लिहिलं म्हणून ते विकता येत नाहीत.

वकील मित्राने तिला सगळ्यात आधी जे करायला लावलं ते सांगते, कारण ते उपयोगाचं आहे. व्हिडिओ सगळीकडून उतरवायचा, पण त्याआधी त्याच्या तारखा, किती लोकांनी पाहिला, बूस्टवर किती खर्च झाला याची नोंद काढून ठेवायची. नोटिशीला घाईने स्वतः उत्तर लिहायचं नाही, माफीचंही नाही आणि भांडणाचंही नाही. मग नोटीस पाठवणारा खरोखर त्या गाण्याचा हक्कदार आहे का, कोणत्या हक्काचा आहे, ते कागद मागायचे. खोट्या नोटिसाही फिरतात. ही खरी निघाली. कंपनीचं कामकाज जिथे चालतं तिथल्या न्यायालयात दावा लावायची सोय कायद्यात तिला आहे, म्हणजे आपल्या गावातून तारखांना मुंबईला जा. शिवाय 63 व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितलं आहे. व्यापारात फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालयाला कमी शिक्षा देता येते, अशी सवलत त्याच कलमात आहे. फराळ विकणं मात्र व्यापारच. तेव्हा तिने बोलणी केली, मूळ रकमेपेक्षा बरीच कमी रक्कम हप्त्याने दिली आणि लेखी तडजोड करून विषय संपवला. तरी दोन बायकांचा बोनस त्या वर्षी तिच्या बांगड्यांतून गेला.

आता करायचं काय? तिने मला हेच विचारलं : "मग मी काय मुकी रील करू?" पुढच्या वर्षीच्या रीलसाठी आम्ही दोघी बसलो आणि एक-एक पर्याय तपासला.

तिची पहिली इच्छा जुन्या मराठी गाण्याची होती. "गीतरामायण किती जुनं आहे, ते तर आता सगळ्यांचं." म्हटलं, मांडू हिशोब. आपल्याकडे शब्द आणि चालीवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या एक जानेवारीपासून मोजायची. गदिमा गेले डिसेंबर 1977 मध्ये. म्हणजे त्यांचे शब्द 2037 अखेरपर्यंत. सुधीर फडके गेले जुलै 2002 मध्ये. म्हणजे चाल 2062 अखेरपर्यंत. तेव्हा आपण पंच्याऐंशीच्या आसपास असू. ध्वनिमुद्रणाचं गणित वेगळं आहे : ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या एक जानेवारीपासून साठ वर्षं. 1960 साली निघालेली तबकडी 2020 अखेर मोकळी झाली. पण मोकळी झाली ती तबकडी. तिच्यावरचे शब्द आणि चाल अजून बांधलेलेच असू शकतात. "साठ वर्षं झाली" हे अर्धवट ऐकून लोक इथेच फसतात.

मग ती अभंगाकडे वळली. तुकोबांचे शब्द सगळ्यांचेच. पण आपल्या कानात जो अभंग आहे तो कोणा विसाव्या शतकातल्या संगीतकाराने बांधलेल्या चालीत आहे आणि कोणा मोठ्या गायकाच्या आवाजात आहे. त्या दोन्ही गोष्टी मोकळ्या नाहीत.

दुसरा मार्ग तयार संग्रहांचा. मेटाचं 'साउंड कलेक्शन' व्यापारी वापराला चालतं, पण मेटाच्याच माध्यमांवर. तो व्हिडिओ उतरवून यूट्यूबवर नेलात तर परवानगी मागेच राहते. यूट्यूबचं 'ऑडिओ लायब्ररी' यूट्यूबवरच्या व्हिडिओंसाठी. पैसे देऊन संगीत विकत देणारी संकेतस्थळंही बरीच आहेत. तिथे एकच बघायचं : लायसन्समध्ये 'जाहिरात' आणि 'पैसे भरून केलेलं प्रमोशन' हे शब्द स्पष्ट आहेत का, आणि वर्गणी बंद केल्यावर जुना व्हिडिओ चालू ठेवता येतो का. मोफत म्हणून मिळणाऱ्या संगीताखाली कधी `CC BY-NC` असं लिहिलेलं असतं. त्यातलं `NC` म्हणजे व्यापारी वापर नाही. `ND` असेल तर चित्राशी जुळवणंसुद्धा बदल धरला जातो, म्हणून तेही नको. नुसतं `CC BY` असेल तर श्रेय देऊन वापरता येतं.

हे संगीत तिला ऐकवलं. तिने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे लिफ्टमध्ये वाजतं तसं आहे. याने चकली विकेल का?" खरं होतं.

शेवटी जे जमलं त्याचं श्रेय आपल्या संगीताच्या बाईंना आहे. बाई, तुम्ही गॅदरिंगला आम्हाला नाट्यपदं बसवायला लावायचा, तेव्हा आम्ही वैतागायचो. 'संगीत सौभद्र' 1882 चं. अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले. त्यांचे शब्द मोकळे, त्यांच्या काळापासून चालत आलेल्या चालीही मोकळ्या. बंधन राहतं ते फक्त कोणाच्या ध्वनिमुद्रणाचं, म्हणजे आपण नवं ध्वनिमुद्रण केलं की तेही उरत नाही. एका पदाची पारंपरिक चाल निवडली, कोणा नंतरच्या संगीतकाराने नवी बांधलेली नाही याची खात्री केली. बाईंच्या एका विद्यार्थिनीने गायलं, एकाने पेटी धरली, एकाने तबला. गावातल्या छोट्या स्टुडिओत दुपारभराचं काम.

पण इथेही कागद लागतोच. कारण नव्या ध्वनिमुद्रणात गायिकेचे आणि वादकांचे कलावंत म्हणून हक्क असतात, आणि स्टुडिओवाल्याचं आणि आपलं काय ठरलं तेही लिहिलेलं हवं. शब्दांवर झालेलं बोलणं इथे उपयोगाचं नाही, हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी हवा, असं कायदा म्हणतो. त्यात एक खाच आहे, ती मलाही वकील मित्राने सांगेपर्यंत माहीत नव्हती. करारात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत धरतात. मैत्रिणीचा निम्मा फराळ दुबईला आणि अमेरिकेला मुलांकडे जातो. म्हणून करारात स्पष्ट लिहिलं : कोणतं पद, कोणत्या कामासाठी, पैसे भरून केलेल्या जाहिरातींसह, कोणत्याही माध्यमावर, जगभर, पंधरा वर्षं, आणि त्याचं मानधन किती. एक पान. गायिकेच्या वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि मानधन थोडं वाढवून घेतलं. योग्यच केलं.

तरीही एक क्लेम आलाच. यूट्यूबच्या यंत्राला ती चाल कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डशी जुळल्यासारखी वाटली. यंत्राला कॉपीराइटची मुदत संपल्याचं कळत नाही, त्याला फक्त ठिपके कळतात. या वेळी मात्र तिच्याकडे सांगायला होतं : पद 1882 च्या नाटकातलं, ध्वनिमुद्रण आमचं, हा करार, ही स्टुडिओची पावती. तिने हरकत नोंदवली. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. नवव्या दिवशी त्याने दावा सोडला.

कागद कुठे ठेवलेत असं मी तिला परवा विचारलं. पिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, भट्टीच्या परवान्याच्या शेजारी. आणि भाच्याला तिने सांगून ठेवलं आहे, की अॅपने एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं तर आधी ते का म्हटलं ते मला वाचून दाखव.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. कायद्याचे मागच्या रांगेत, यंत्राचे माझ्याकडे. आणि त्या पदाचं ध्वनिमुद्रण जेवणाच्या हॉलमध्ये लावणार आहोत, गायिकेला विचारूनच.